सेकंड शिफ्ट, पावसाळा आणि सकाळचा उजेड: घाबरेपणा कमी करण्यासाठी दिवस बसवताना

दुपारी एक ते रात्री दहा अशी सेकंड शिफ्ट करणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. "लवकर उठ, वेळेवर जेव, उन्हात फिर" हा सल्ला सगळेच देतात. पण पवईतून सुटून रात्री पावणेअकराला भांडुपच्या घरी पोचणाऱ्या माणसाने तो कसा बसवायचा, हे मला कुठेच नीट सापडलं नाही. 2025 च्या जून ते ऑक्टोबर या काळात मी ते टप्प्याटप्प्याने बसवलं. नोकरी तीच, शिफ्ट तीच. बदलल्या त्या फक्त उजेडाच्या, खाण्याच्या आणि उठण्याच्या वेळा.

सुरुवात डॉक्टरांपासून केली आणि तुम्हीही तिथूनच करा. छातीत धडधड, हाताला कंप, घाम, कारण नसताना जीव घाबरा होणं ही लक्षणं थायरॉइड वाढल्यावरही येतात आणि रक्त कमी झाल्यावरही. 9 जूनला सोमवारी महापालिकेच्या रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीला गेले. केसपेपरची खिडकी सकाळीच उघडते, त्यामुळे आठच्या सुमारास रांगेत उभं राहिलेलं बरं. केसपेपरला किरकोळ पैसे लागतात. माझा नंबर दुपारी बाराच्या पुढे लागला, म्हणून त्या दिवशी अर्धी रजा टाकलेली बरी. डॉक्टरांनी ईसीजी, हिमोग्लोबिन आणि थायरॉइडसाठी टीएसएच करायला सांगितलं. सोबत घाबरेपणा किती आहे ते मोजणारी जीएडी-7 नावाची सात प्रश्नांची यादी भरायला दिली. मागच्या दोन आठवड्यांत कोणता त्रास किती दिवस झाला, त्यानुसार प्रत्येक प्रश्नाला 0 ते 3 गुण. एकूण 21. पाचच्या पुढे सौम्य, दहाच्या पुढे मध्यम, पंधराच्या पुढे तीव्र. माझे 13 आले.

रिपोर्ट नॉर्मल आले. डॉक्टरांनी गोळीचा पर्याय नीट समजावून सांगितला आणि समुपदेशनासाठी पुढची तारीख दिली, 21 जुलै. म्हणजे जवळपास सहा आठवडे थांबायचं. "तोवर दिवसाची घडी बसवून बघा. तुमचा दिवस दुपारी सुरू होतोय, त्यावर काम करता येईल. त्रास वाढला तर तारखेची वाट न बघता या," असं त्या म्हणाल्या. औषध टाळायचं म्हणून हे केलं असं कोणी समजू नये. वाट बघण्याच्या काळात हातात घेण्यासारखं हेच होतं. त्या मधल्या आठवड्यांत कुणाशी तरी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा आहे. 14416 वर चोवीस तास फोन लागतो आणि मराठीत बोलता येतं.

पहिले दोन आठवडे काहीही बदललं नाही, फक्त लिहिलं. पिट्सबर्गमध्ये एलन फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुळात बायपोलर या मनःस्थितीच्या टोकाच्या चढ-उतारांच्या आजारासाठी एक पद्धत बसवली आहे. तिच्यात रोजच्या पाच वेळा नोंदवतात: अंथरुणातून उठलो कधी, कोणाशी पहिल्यांदा बोललो कधी, काम सुरू कधी, रात्रीचं जेवण कधी, अंथरुणावर पडलो कधी. मी वीस रुपयांच्या वहीत याच पाच वेळा लिहिल्या आणि तीन रकाने वाढवले: दिवसातला पहिला घास, शेवटचा चहा आणि धडधड सुरू झाल्याची वेळ.

दोन आठवड्यांनी वहीत स्पष्ट दिसलं ते असं. झोप रात्री दोनला, उठणं पावणेदहा-दहाला, सुट्टीच्या दिवशी थेट बाराला. उठल्यावर चहा, निघण्याआधी पुन्हा चहा, आणि पहिला घास ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये दुपारी पावणेदोनला. आदल्या रात्रीचं जेवण सव्वाअकराचं. म्हणजे मध्ये चौदा तासांहून जास्त पोट रिकामं आणि त्यावर दोन कप चहा. धडधडीच्या नोंदी दोनच जागी दाटल्या होत्या: दुपारी बारा ते दीड, आणि संध्याकाळी साडेपाच ते सात. मला वाटायचं ही भीती कधीही, कुठूनही येते. ती रोज ठरल्या वेळी येते हे कागदावर दिसलं, तेव्हाच निम्मा धीर आला.

23 जूनपासून उठण्याची वेळ मागे आणायला घेतली. इथे सगळ्यांत जास्त लोक अडकतात, म्हणून कारण नीट सांगते.

मेंदूतलं मुख्य घड्याळ माणसात सरासरी 24 तासांपेक्षा थोडं लांब, साधारण 24.2 तासांचं चालतं. त्याला रोज कोणी मागे खेचलं नाही तर ते थोडं थोडं पुढे सरकतं. ते खेचण्याचं काम सकाळचा उजेड करतो. डोळ्याच्या पडद्यावर काही पेशी अशा असतात, ज्यांचं मुख्य काम चित्र दाखवणं नसून बाहेर किती उजेड आहे ते मेंदूच्या घड्याळाला कळवणं हे असतं. पण तोच उजेड कोणत्या वेळी मिळतो त्यावर परिणाम उलटा होऊ शकतो. नेहमीच्या उठण्याच्या साधारण दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं. त्या क्षणानंतर मिळालेला उजेड घड्याळ मागे आणतो, म्हणजे त्या रात्री झोप लवकर येते. त्या क्षणाच्या आधी मिळालेला उजेड घड्याळ आणखी पुढे ढकलतो.

आता दहाला उठणाऱ्याचं बघा. त्याचा तो क्षण सकाळी सातच्या आसपास येतो. जूनमध्ये मुंबईत सूर्य सहाला उगवतो. अशा माणसाने उत्साहाने गजर लावून सव्वासहाला गच्ची गाठली, तर त्याच्या शरीराच्या हिशेबाने तो मध्यरात्रीचा उजेड घेतोय. झोप अर्धी, दिवसभर डोकं जड, आणि रात्री झोप आणखी उशिरा. चार दिवसांनी तो म्हणतो, आपल्याला हे मानवत नाही. शिवाय झोप तुटली की घाबरेपणा वाढतोच, त्यामुळे एकदम पावणेचार तासांची उडी दोन्ही बाजूंनी महागात पडते.

म्हणून दर तीन दिवसांनी वीस मिनिटं. पावणेदहा, मग नऊ पंचवीस, मग नऊ पाच, असं करत पावणेआठपर्यंत. आकड्यांत हे तीन आठवड्यांच्या आत बसतं. एखाद्या टप्प्यावर दिवसा डोळे मिटायला लागले तर तिथे दोन दिवस जास्त थांबायचं. झोपण्याची वेळ मुद्दाम ओढायची नाही. उठण्याची वेळ पक्की ठेवली की झोपेची वेळ तिच्यामागून सरकते. झोप येत नसताना साडेबाराला दिवा मालवून पडलं, तर छताकडे बघत विचारच वाढतात. मी झोप डोळ्यांवर आल्यावरच पडायचे, आणि जुलैच्या मध्यापर्यंत ती साडेबाराच्या सुमारास आपसूक यायला लागली.

आता उजेड. 2025 चा पाऊस 26 मेलाच मुंबईत आला होता, त्यामुळे जूनच्या शेवटी ऊन हा शब्दच विसरायला झालं होतं. पण इथे लागतो तो उजेड, ऊन नव्हे. फोनमध्ये उजेड किती आहे ते लक्समध्ये मोजायचं मोफत ॲप टाकलं. हे ॲप अचूक नसतं, पण दोन जागांची तुलना करायला पुरतं. आमच्या हॉलमध्ये ट्यूबलाइट लावून 150 च्या आसपास. खिडकीपासून हातभर आत उभं राहून 500. त्याच वेळी, तसंच काळं आभाळ असताना, बाहेर गल्लीत 4,000 च्या पुढे. पातळ ढग असतील तर 10,000 च्या वर. डोळ्यांना हॉलही उजळच वाटतो, कारण बुबुळं जुळवून घेतात. आकडा बघितल्याशिवाय फरक पटत नाही. खिडकीत बसून काम भागत नाही ते काचेमुळे नाही, तर आभाळाचा फारच छोटा तुकडा तिथून दिसतो म्हणून. इमारतीखालच्या पार्किंगमध्येही तेच होतं: बाजू मोकळ्या, पण डोक्यावर स्लॅब.

माझा हिशेब असा होता: उठल्यावर तासाभराच्या आत बाहेर, ढग असतील तर तीस-चाळीस मिनिटं, स्वच्छ असेल तर पंधरा-वीस. गॉगल नाही, सूर्याकडे टक लावून बघायचं नाही. काळी छत्री डोक्यावर धरली की आकडा एकदम खाली येतो, म्हणून भुरभुर असेल तर टोपीचा रेनकोट बरा. जोराचा पाऊस असेल तर जिन्याच्या उघड्या कठड्यापाशी, जिथून जास्तीत जास्त आभाळ दिसतं तिथे उभं राहायचं.

खरी जागा गच्ची होती, पण गळतीमुळे सोसायटीने पावसाळ्यात कुलूप लावलेलं. सेक्रेटरी काकांना विचारलं तर म्हणाले, "तोंडी नको गं, अर्ज दे. एकाला चावी दिली की दहा जण येतात." 30 जूनला अर्ज दिला. त्यात तीनच गोष्टी लिहिल्या: वेळ सकाळी साडेसात ते साडेआठ, वॉटरप्रूफिंग केलेल्या भागावर खुर्ची किंवा कुंडी नेणार नाही, आणि चावी वॉचमनच्या रजिस्टरवर सही करून घेऊन परत देणार. कमिटीची सभा महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, 13 जुलैला झाली आणि परवानगी मिळाली. तुमच्याकडेही कुलूप असेल तर कारणांची पानं भरण्यापेक्षा कमिटीला ज्याची भीती वाटते तेवढंच आधी लिहून द्या. सभेपर्यंत मी दुधाची पिशवी आणायला लांबचा रस्ता धरत होते. त्यात एक फायदा झाला. दूधवाल्याशी, वॉचमनशी होणारं दिवसातलं पहिलं बोलणं रोज एकाच वेळी यायला लागलं. वहीतल्या पाच नोंदींपैकी एक त्यातच बसली.

खाण्याच्या वेळा एकदम बदलल्या नाहीत. उठणं साडेआठपर्यंत आल्यावर मग हात घातला. डोळ्यांतून जाणारा उजेड मेंदूचं घड्याळ लावतो, पण यकृत, आतडी, चरबीच्या पेशी यांची आपापली घड्याळं जेवणाच्या वेळेकडे जास्त बघतात. 2017 च्या एका ब्रिटिश प्रयोगात जेवणं पाच तास उशिरा दिल्यावर रक्तातल्या साखरेची लय साडेपाच तासांहून जास्त पुढे गेली, आणि मेलाटोनिन या झोपेच्या संप्रेरकाची लय मात्र जागच्या जागी राहिली. म्हणजे उजेड वेळेवर घेऊन जेवण मध्यरात्री केलं, तर शरीरातली घड्याळं एकमेकांशी जुळत नाहीत. 2022 मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत रात्रपाळीची नक्कल केली. रात्रीही जेवणाऱ्यांमध्ये चिंतेसारख्या भावना 16 टक्क्यांनी वाढल्या, फक्त दिवसा जेवणाऱ्यांमध्ये वाढल्या नाहीत. प्रयोगात माणसं 19 च होती, त्यामुळे त्यावरून मोठे दावे करू नयेत. पण बदल करून बघण्यात तोटा काहीच नव्हता.

वेळा अशा ठरवल्या. साडेआठ ते नऊ नाश्ता. बाराला घरी पूर्ण जेवण, मग निघायचं. साडेचारला मूठभर चणे-शेंगदाणे किंवा उकडलेलं अंडं. रात्रीचं जेवण ऑफिसच्या साडेआठच्या ब्रेकमध्ये, डब्यातलं. घरी आल्यावर भूक असेल तर कपभर दूध. वेळ अर्धा तास इकडेतिकडे झाली तर चालतं, त्याहून जास्त रोज घसरलं तर वहीत खूण करायची. नाश्ता गोड बिस्किटांवर भागवला की अकरापर्यंत पुन्हा पोटात खड्डा पडतो. मूग किंवा बेसनाची धिरडी, पोहे असतील तर सोबत अंडं किंवा दही, असं काहीतरी प्रथिनांचं हवं. पहिल्या आठवड्यात सकाळी घास उतरत नाही, कारण आदल्या रात्री उशिरा जेवलेलं असतं. तेव्हा अर्धी वाटी खाल्ली तरी चालते, पण वेळ तीच ठेवायची.

अडचण डब्याची नव्हती, आईची होती. रात्री मी आले की ती गरम पोळी लाटायची. तेवढाच आमचा बोलण्याचा वेळ. "डब्यातलं गार खाऊन येणार, मग मी जागी कशाला राहू?" असं ती म्हणाली आणि त्यात राग नव्हता, वाईट वाटणं होतं. आम्ही ते जेवण दुपारी बाराला हलवलं. आता ती तेव्हा माझ्यासोबत बसते, आणि तिचंही रात्रीचं जेवण साडेआठला होतं. घरातल्या माणसाची वेळ काढून घेताना तिच्या जागी दुसरी वेळ द्यावी लागते, नाहीतर ही घडी दोन आठवड्यांत मोडते.

श्रावणातल्या सोमवारी उपवास असेल तर पदार्थ बदलायचे, वेळा नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी मात्र जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच हलवाव्यात.

चहा सोडला नाही, सरकवला. कॅफीन अर्धं उतरायला साधारण पाच तास लागतात, काही जणांना जास्त. रात्री आठच्या कपातलं निम्मं एक वाजताही अंगात असतं. शिवाय उठल्यानंतर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक तसंच चढतं असतं, त्यावर उपाशीपोटी कडक चहा घेतला की ज्याला आधीच धास्ती आहे त्याला धडधड जाणवणारच. म्हणून पहिला चहा नाश्त्यानंतर, शेवटचा साडेचारला. दिवसाच्या पाच कपांचे दोन करताना दर चार दिवसांनी एक कमी केला. एकदम तोडला की दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं आणि चिडचिड होते, आणि ती चिडचिड लोक घाबरेपणाच समजतात. टपरीवर सोबतीसाठी जायचंच असेल तर जावं. कटिंगऐवजी हातात दुसरं काही घेतलं तरी गप्पा त्याच होतात.

रात्री घरी आल्यावर हॉलचा पांढरा पॅनल बंद करून कोपऱ्यात पाच वॉटचा पिवळा बल्ब लावायला घेतला. शंभर रुपयांच्या आत येतो. एवढं पुरलं.

फरक कसा ओळखायचा? मन शांत होणं ही पहिली खूण नाही, आणि तीच शोधत बसलं तर निराशा येते. आधी सकाळी खरी भूक लागते. मग रात्री ठरल्या सुमारास जांभया येतात. हे दोन्ही जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आलं. दुपारी बाराची धडधड त्याच सुमारास विरळ झाली. संध्याकाळची जायला ऑगस्ट लागला. जीएडी-7 दर दोन आठवड्यांनीच भरा, कारण प्रश्नच दोन आठवड्यांबद्दल आहेत. रोज भरली तर रोजच्या चढ-उतारांचीच काळजी लागते. जुलैअखेर 10, सप्टेंबरअखेर 6. मधल्या काळात 21 जुलैपासून समुपदेशनही सुरू झालं होतं, त्यामुळे यातलं श्रेय कशाला किती द्यायचं ते वेगळं काढता येत नाही. दिनक्रमाने धडधड आणि थरकाप कमी केला. "आपल्या हातून चूक होईल" हा विचार मात्र त्याने हलला नाही. त्यावर समुपदेशकांसोबतच काम करावं लागलं आणि ते अजून चालू आहे.

सगळ्यांत जास्त घसरण सुट्टीच्या दिवशी होते. साडेबारा ते पावणेआठ झोपणारा माणूस शनिवारी रात्री अडीचला झोपून रविवारी बाराला उठला, तर त्याच्या झोपेचा मध्य तीन तासांहून जास्त पुढे जातो. सोमवारी सकाळची हुरहूर काही अंशी तिथूनच येते. रात्री उशीर झाला तरी उठण्यात तासाभराहून जास्त फरक नको. झोप राहिली असेल तर दुपारी तीनच्या आत वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी घ्यावी. 27 ऑगस्टला गणपती बसले आणि 6 सप्टेंबरच्या विसर्जनापर्यंत रात्री साडेबाराला झोपणं शक्यच नव्हतं. त्या दिवसांत उठणं सव्वाआठला ठेवलं, बाराचं जेवण सोडलं नाही, बाकी सगळं सोडून दिलं. विसर्जनानंतर आठवडाभरात घडी परत बसली.

ऑक्टोबरमध्ये आभाळ उघडलं आणि गच्चीवर पंधरा मिनिटं पुरायला लागली. पावणेआठ हीच वेळ निवडण्याचं आणखी एक कारण हिवाळ्यात कळतं. मुंबई भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या बरीच पश्चिमेला आहे, त्यामुळे जानेवारीत इथे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. सहाला उठणं ठरवलं असेल तर वर्षातले काही महिने तासभर अंधारात जातात. तेव्हा उठण्याची वेळ बदलू नका. घरात दिवे लावा, नाश्ता करा आणि उजाडल्यावर बाहेर पडा.

बायपोलरचं निदान असेल, घरात कुणाला तो आजार असेल, किंवा डोळ्याच्या पडद्याचा विकार असेल, तर उजेडाचे आणि झोपेचे प्रयोग डॉक्टरांना सांगूनच करावेत. आणि ज्यांची शिफ्ट दर आठवड्याला बदलते, त्यांना वर लिहिलेलं जसंच्या तसं जमणार नाही, कारण घड्याळ सरकायला मिळणारे दिवस शिफ्ट बदलण्याच्या आधीच संपतात. त्यांनी रोस्टर करणाऱ्यांकडे दोन गोष्टी मागाव्यात: एक शिफ्ट किमान महिनाभर, आणि बदल सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने पुढच्या दिशेने. घड्याळ मागे नेण्यापेक्षा पुढे ढकलणं शरीराला सोपं जातं. मागणी ईमेलवर करावी, सोबत डॉक्टरांचं पत्र जोडावं. ओपीडीत मागितलं तर ते केसपेपरवरच लिहून देतात.